सरकत्या जिन्यावर अपघात झाला, तर जबाबदारी कोणाची? मॉलची की देखभाल कंत्राटदाराची?

26 जुलै 2015 रोजी चीनच्या हुबेई प्रांतातील जिंगझोऊ शहरात एक आई लहान मुलाला घेऊन एका मोठ्या दुकानाच्या सरकत्या जिन्यावरून वर जात होती. जिना संपतो त्या ठिकाणच्या जमिनीतील धातूची झाकणे, म्हणजे लँडिंगच्या प्लेटा, तिच्या पायाखाली उलटल्या. तिने मुलाला पुढे ढकलले, समोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांनी त्याला ओढून घेतले आणि ती स्वतः आतल्या यंत्रात खेचली जाऊन मरण पावली. हे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. प्लेटा हलत असल्याचे कर्मचाऱ्यांच्या काही मिनिटे आधीच लक्षात आले होते आणि म्हणूनच ते तिथे उभे होते, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. जिना थांबवणारे लाल बटण जवळच होते, पण ते वेळेत कोणी दाबले नाही. झाकणाच्या रचनेतला दोष आणि दुकानाच्या माणसांनी धोका दिसूनही यंत्र चालू ठेवणे, या दोन्ही गोष्टी चौकशीत पुढे आल्या.

आपल्याकडे मॉलमध्ये कोणाची चप्पल जिन्यात अडकल्याचे किंवा लहान मुलाच्या बोटांना इजा झाल्याचे वृत्त आले, की दोन ठरावीक वाक्ये ऐकू येतात. मॉलचे व्यवस्थापन म्हणते, ‘देखभाल आम्ही कंपनीकडे दिलेली आहे.’ देखभाल करणारी कंपनी म्हणते, ‘आम्ही दुरुस्ती सुचवली होती, मॉलने मंजुरी दिली नाही.’ ही दोन्ही वाक्ये खरी असू शकतात, आणि तरीही दोघांपैकी एकाचीही सुटका होत नाही. हे कसे, ते समजून घेण्यासाठी आधी यंत्राकडे पाहावे लागेल आणि मग कायद्याकडे.

पाय नेमका कुठे अडकतो?

सरकत्या जिन्याच्या पायऱ्या चालत असतात, पण त्यांच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या उभ्या भिंती स्थिर असतात. या भिंतींना स्कर्ट पॅनेल म्हणतात. चालती पायरी आणि स्थिर भिंत यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर पायरी घासेल. भारतात बसवल्या जाणाऱ्या अनेक जिन्यांचे उत्पादक ईएन 115 या युरोपीय मानकाचा आधार घेतात. त्यानुसार ही फट एका बाजूला 4 मिलिमीटरपेक्षा आणि दोन्ही बाजूंची मिळून 7 मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये.

एवढ्याशा फटीत पाय कसा जाईल, असे वाटणे साहजिक आहे. कडक तळव्याचा बूट सहसा जात नाही. पण मऊ रबराची पादत्राणे, विशेषतः मुलांना घातली जाणारी क्लॉग प्रकारची, भिंतीला टेकली की घर्षणाने तिला चिकटतात. पायरी पुढे जात राहते, भिंत जागेवरच राहते आणि ताणले गेलेले मऊ रबर फटीत ओढले जाते, त्याच्यासोबत आतला पायही जातो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने 2008 मध्येच अशा पादत्राणांबाबत जाहीर इशारा दिला होता. साडीच्या निऱ्या, ओढणी आणि पायघोळ झगे यांनाही हाच धोका असतो.

हे टाळण्यासाठी स्कर्ट पॅनेलवर पायरीच्या थोडे वर काळ्या केसांचे ब्रश बसवलेले असतात. बूट पुसण्याची ती सोय आहे, असे समजून पुष्कळ लोक त्यावर पाय घासतात. प्रत्यक्षात पायाला स्पर्श जाणवावा आणि माणसाने पाय आत घ्यावा, यासाठी ते ब्रश असतात. ते झिजले किंवा मधले तुकडे निखळले, तर संरक्षण तेवढ्या लांबीत संपते.

दुसरी जागा म्हणजे कोम्ब प्लेट. जिन्याच्या शेवटी पायऱ्या सपाट होऊन जमिनीखाली जातात. तिथे कंगव्यासारखे दाते असलेली पट्टी असते आणि तिचे दाते पायरीवरच्या खाचांमध्ये बसतात. एखादा दात तुटला की त्या जागी लहान मुलाचे बोट जाऊ शकेल एवढी पोकळी तयार होते. तुटलेला दात पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही. सकाळी जिना सुरू करण्यापूर्वी वाकून पाहणाऱ्या माणसाला तो दिसतोच.

वरच्या आणि खालच्या टोकाला, हातकठडा जिथे आत वळतो त्याच्या आसपास, लाल बटण असते. ते दाबल्यावर जिना जागच्या जागी थिजत नाही, कारण तसे झाले तर त्यावरची सगळी माणसे तोंडावर आपटतील. अर्धा मीटर प्रतिसेकंद या नेहमीच्या वेगाने चालणारा जिना पाव मीटरच्या आसपास ते जास्तीत जास्त एक मीटर सरकून थांबणे अपेक्षित असते. म्हणजे पाय अडकल्यावर बटण दाबायला लागणारा प्रत्येक सेकंद अर्ध्या मीटरच्या ओढीएवढा असतो. बटणाजवळ कोणीही नसेल, किंवा तिथल्या सुरक्षारक्षकाला बटण कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर ती व्यवस्थापनाची स्वतंत्र चूक ठरते. यंत्र पूर्ण निर्दोष असले तरीही ठरते.

ताबा ज्याच्याकडे, कर्तव्य त्याचे

जखमी माणसाच्या वकिलाला पहिला प्रश्न पडतो, तो दावा कोणावर लावायचा याचा. मॉलची जमीन एकाची, दुकाने विकत घेतलेले दुसरे, रोजचा कारभार पाहणारी फॅसिलिटी कंपनी तिसरी आणि जिन्याची देखभाल करणारी चौथी, अशी रचना आपल्याकडे सर्रास असते. कायदा अशा वेळी कागदावरच्या मालकीपेक्षा प्रत्यक्ष नियंत्रण पाहतो. जागेवर ज्याचे नियंत्रण असते त्याला जागेचा ताबेदार म्हणतात. जिन्याची किल्ली कोणाकडे आहे, तो सकाळी चालू आणि रात्री बंद कोण करतो, देखभालीच्या करारावर सही कोणाची आहे आणि दुरुस्तीचा खर्च कोण मंजूर करतो, या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी पोचतात, तो ताबेदार. एकापेक्षा जास्त संस्था एकाच वेळी ताबेदार असू शकतात.

येणाऱ्याजाणाऱ्यांना इजा होऊ नये यासाठी वाजवी काळजी घेणे हे ताबेदाराचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रात त्याला लेखी कायद्याचीही जोड आहे. 1939 चा जुना कायदा लिफ्टपुरता होता. त्याच्या जागी आलेल्या 2017 च्या अधिनियमात सरकते जिने आणि सरकते मार्ग यांचाही समावेश झाला. बसवण्याची परवानगी, चालवण्याचा परवाना, सरकारी निरीक्षकाकडून तपासणी, वापरणाऱ्यांसाठी विमा आणि अपघाताची सूचना या गोष्टी त्यामुळे मालकाच्या मर्जीवर राहिलेल्या नाहीत. परवाना आहे म्हणून निष्काळजीपणा नव्हता, असे मात्र होत नाही. निरीक्षकाने तपासणी केली त्या दिवशी यंत्र ठीक होते, एवढेच परवाना सांगतो. त्यानंतरचे सगळे दिवस मॉलचे असतात.

‘आम्ही तज्ज्ञ कंपनी नेमली आहे’ हा बचाव कुठपर्यंत चालतो?

या बचावात तथ्य नाही असे नाही. 1941 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात हॅझलडाइन विरुद्ध डॉ या खटल्यात लंडनमधल्या एका इमारतीची लिफ्ट कोसळून माणूस जखमी झाला होता. मालकाने नावाजलेल्या अभियांत्रिकी कंपनीकडे नियमित देखभाल दिली होती आणि कंपनीच्या कामगारांनी एक भाग नीट बसवला नव्हता. न्यायालयाने मालकाला दोषमुक्त ठरवले आणि कंपनीला जबाबदार धरले. ज्या कामाचे ज्ञान मालकाकडे असण्याची अपेक्षा नाही, ते काम त्याने सक्षम माणसाला दिले की त्याची काळजी तिथे पूर्ण होते, हा त्यामागचा विचार होता.

चारच वर्षांनी, 1945 मध्ये, वुडवर्ड विरुद्ध हेस्टिंग्ज नगरपालिका या खटल्यात शाळेच्या बर्फाळ पायरीवरून एक विद्यार्थी घसरला. पायरी साफ करणाऱ्या बाईने ती नीट साफ केली नव्हती. इथे मात्र न्यायालयाने शाळा चालवणाऱ्यांनाच जबाबदार धरले, कारण पायरीवर बर्फ राहिला आहे की नाही हे कळायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नसते.

हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध नाहीत. घरात वायरमनने भिंतीच्या आत चुकीची जोडणी केली असेल आणि तिचा पत्ता लागण्याचा काही मार्ग नसेल, तर दोष त्याचा. पण बोर्डातून ठिणग्या उडताना तुम्हाला दिसत असतील आणि तरीही पाहुण्यांना तेच बटण दाबायला लावत असाल, तर ‘वायरमन लावला होता’ हे उत्तर चालत नाही. मॉलच्या जिन्याचेही तसेच आहे. ब्रेकच्या आतल्या झिजेचा प्रश्न कंत्राटदाराचा, पण तुटलेला कोम्ब, निखळलेला ब्रश, पायाखाली हलणारी प्लेट, पायरीपेक्षा मागे पडणारा हातकठडा, दर फेरीला येणारा एकच ठोका या गोष्टी कोणत्याही सजग सुपरवायझरला कळतात. ज्या क्षणी त्या कळल्या, किंवा कळायला हव्या होत्या, त्या क्षणापासून मॉलची जबाबदारी स्वतःची असते.

भारतातील न्यायालये अनेकदा मालकाकडून याहूनही जास्त अपेक्षा करतात. दिल्लीच्या चांदणी चौकातील जुना घड्याळ मनोरा कोसळून माणसे दगावली, तेव्हा 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती या निकालात सांगितले, की मनोऱ्यातला दोष उघड होता की छुपा, यावरून पालिका सुटत नाही. रस्त्यालगतच्या इमारतीची योग्य देखभाल करणे हे तिचे कर्तव्यच होते. या निकालात एक तत्त्व वापरले गेले. जी घटना योग्य काळजी घेतल्यास सहसा घडत नाही, ती घडली, आणि ज्या वस्तूमुळे घडली ती पूर्णपणे प्रतिवादीच्या नियंत्रणात होती, तर निष्काळजीपणा झाला असे गृहीत धरून प्रतिवादीलाच खुलासा द्यायला लावता येतो. हा निकाल रस्त्यालगतच्या बांधकामाचा आहे, मॉलच्या जिन्याचा नाही, हे खरे. पण ज्या जखमी माणसाला यंत्राच्या आत काय बिघडले हे कधीच कळणार नसते, त्याच्यासाठी हे तत्त्व फार मोलाचे आहे, आणि जिन्याच्या दाव्यात त्याचा आधार घेणे पूर्णपणे रास्त आहे.

एक प्रकरण शेवटपर्यंत पाहू

पुढील प्रकरण काल्पनिक आहे, पण त्यातले कागद या व्यवसायात रोज तयार होतात.

समजा, एका मॉलने जिन्यांच्या देखभालीचा वार्षिक करार, म्हणजे एएमसी, फक्त मजुरीपुरता केला आहे. तंत्रज्ञ महिन्यातून एकदा येऊन तेलपाणी आणि तपासणी करणार, सुट्या भागांचे पैसे वेगळे. सुटे भागही धरणारा करार महाग पडतो, म्हणून तो केलेला नाही. 4 मार्चला तंत्रज्ञ येतो आणि सर्व्हिस रिपोर्टवर लिहितो: ‘डाव्या बाजूची स्कर्टमधली फट वाढली आहे, ब्रश झिजले आहेत, दोन कोम्ब बदलणे आवश्यक, कोटेशन दिले आहे.’ खाली मॉलच्या शिफ्ट सुपरवायझरची सही होते. कोटेशन खरेदी विभागाकडे जाते. दर कमी करा, असा ई-मेल जातो, त्याला उत्तर येते, मग दुसरा ई-मेल जातो. एप्रिलच्या सर्व्हिस रिपोर्टवर तीच ओळ पुन्हा लिहिली जाते. मे महिन्याच्या सुट्टीत, शनिवारी संध्याकाळी, चार वर्षांच्या मुलाचा क्लॉगमधला पाय डाव्या स्कर्टमध्ये अडकतो. लाल बटण दाबायला उशीर होतो आणि त्याच्या अंगठ्याला कायमची इजा होते.

या प्रकरणात मॉलचा बचाव त्या सर्व्हिस रिपोर्टवरच्या सहीनेच संपतो. यंत्राचे ज्ञान नव्हते हे खरे असले, तरी धोक्याचे ज्ञान 4 मार्चपासून लेखी होते. सही सुपरवायझरची आहे, संचालकाची नाही, या युक्तिवादाने फरक पडत नाही. सही करण्याचा अधिकार संस्थेनेच त्याला दिला होता आणि कागद पुढे पोचवण्याची व्यवस्था करणे हेही संस्थेचे काम होते. कोटेशनवर घासाघीस करण्याचा हक्क मॉलला जरूर आहे, पण घासाघीस चालू असताना जिना बंद ठेवायला हवा होता. बंद जिन्याने मॉलचे उत्पन्न थोडे घटते, माणसे लिफ्टने किंवा साध्या जिन्याने जातात, एवढेच होते.

कंत्राटदार मात्र आपण लिहून दिले म्हणून सुटत नाही. बदलण्याची शिफारस आणि चालू ठेवणे धोकादायक असल्याचा इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक त्यालाच सर्वांत चांगला कळतो. फट मर्यादेबाहेर गेली होती, तर त्याने किती मिलिमीटर ते मोजून लिहायला हवे होते, जिना बंद करायला हवा होता, आणि मॉलने तो पुन्हा सुरू केला असता तर ‘आमच्या सूचनेविरुद्ध चालू केला’ असे लेखी कळवायला हवे होते. दोन महिने तीच ओळ उतरवून काढणारा तंत्रज्ञ देखभाल करत नाही, तो फक्त नोंद करतो. याहून गंभीर प्रकार म्हणजे वारंवार जिना बंद पाडणारा सुरक्षा स्विच वायर जोडून निकामी करणे. तसे करणाऱ्या कंत्राटदारापाशी कोणताही बचाव उरत नाही. 2018 मध्ये रोमच्या रिपब्लिका मेट्रो स्थानकात उतरता जिना अनियंत्रित वेगाने खाली गेला आणि फुटबॉलचे अनेक चाहते जखमी झाले. त्या तपासात ब्रेकमध्ये फेरफार केल्याचा संशय देखभालीशी संबंधित माणसांवरच घेतला गेला होता.

आता समजा न्यायालयाने नुकसानभरपाई आठ लाख रुपये ठरवली आणि दोष मॉलचा साठ टक्के व कंत्राटदाराचा चाळीस टक्के मानला. दोघांच्या निष्काळजीपणामुळे मिळून एकच इजा झाली असेल, तर जखमी माणूस पूर्ण आठ लाख दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो. मॉलने पूर्ण रक्कम भरली, तर कंत्राटदाराकडून तीन लाख वीस हजार परत मिळवणे हे मॉलचे काम आहे. करारात ‘सर्व जबाबदारी कंत्राटदाराची’ असे कलम असेल, तर ते या परतफेडीच्या वेळी उपयोगी पडते. मुलाच्या आईवडिलांनी त्या करारावर सही केलेली नसते, त्यामुळे ते कलम त्यांच्यावर बंधनकारक नाही. उपहार चित्रपटगृहाच्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये चित्रपटगृहाचा परवानाधारक आणि वीज मंडळ यांच्यात 85 आणि 15 टक्के अशी विभागणी केली. जबाबदारी अनेकांत वाटली जाते याचे ते ठळक उदाहरण आहे.

‘पालकांनी लक्ष द्यायला हवे होते’, आणि फलकाचे काय?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पूर्णपणे फेटाळता येत नाही. पायऱ्यांवर उलट दिशेने धावणारा किंवा हातकठड्यावर बसणारा प्रौढ माणूस पडला, तर त्याच्या स्वतःच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते. चार वर्षांच्या मुलाला मात्र यंत्राच्या धोक्याची समज असणे अपेक्षित नसते. मॉल स्वतःच खेळण्याचे विभाग आणि खाण्याची दालने उभारून मुलांना बोलावतो, त्यामुळे मुले येतील आणि मुलांसारखीच वागतील हे त्याने गृहीत धरलेच पाहिजे.

‘स्वतःच्या जबाबदारीवर वापरा’ या फलकाने निष्काळजीपणा धुतला जात नाही. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या पार्किंगमधून गाडी चोरीला गेली तेव्हा ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेल्या पावतीचा आधार हॉटेलने घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो नाकारला. स्वतःच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने टाळता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. प्रकरण गाडीचे होते, पण माणसाच्या पायाला त्याहून कमी संरक्षण असावे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. फलक उपयोगी पडतो तो खरा इशारा देतो तेव्हा: मऊ पादत्राणे कडेपासून दूर ठेवा, निऱ्या सावरा, मुलाला मध्ये उभे करा.

काचेच्या दाराचा प्रश्न अधिक सरळ

काचेच्या दाराला महिन्याला येणारा तंत्रज्ञ नसतो, त्यामुळे कंत्राटदाराकडे बोट दाखवण्याची सोयही नसते. 2020 मध्ये केरळच्या पेरुंबावूर येथे एका बँकेच्या शाखेतून घाईने बाहेर पडणारी महिला काचेच्या दारावर आदळली आणि काचेचे तुकडे पोटात घुसून मरण पावली. साधी काच फुटली की तिचे लांब, सुऱ्यासारखे तुकडे होतात. कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच फुटली की तिचे बोथट बारीक दाणे होतात. दारासाठी कोणती काच वापरली आणि डोळ्यांच्या उंचीवर ठळक पट्टी किंवा खूण होती का, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक प्रकरण उलगडते. दोन्ही निर्णय ताबेदाराचे असतात. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाची बारीक खूण कोरलेली असते, ती कोणीही पाहू शकतो.

अपघात झाल्यावर कोणता कागद मिळवायचा?

फौजदारी बाजू पोलिसांकडे जाते. भारतीय न्याय संहितेत यंत्राबाबतच्या निष्काळजी वर्तनाचे कलम 289 आहे, इतरांचा जीव धोक्यात घालण्याचे 125 आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे 106. भरपाईसाठी दोन वाटा आहेत. मॉलमध्ये खरेदी केली असेल किंवा पार्किंगचे पैसे भरले असतील, तर सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्याची मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. केवळ फिरायला गेलेल्या माणसाला ग्राहक मानण्यावर वाद होऊ शकतो, म्हणून त्या दिवसाचे बिल जपून ठेवणे आवश्यक आहे. ते नसेल तर दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाचा दावा करता येतो.

त्याआधी करायचे काम त्याच दिवसाचे आहे. सीसीटीव्हीचे चित्रीकरण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी मॉलला लगेच ई-मेलने पाठवावी. त्याच ई-मेलमध्ये त्या जिन्याचा परवाना, विम्याची प्रत, लॉगबुक आणि मागच्या सहा महिन्यांचे सर्व्हिस रिपोर्ट मागावेत. मॉल ते देईलच असे नाही, पण मागणीची तारीख नोंदली जाते आणि नंतर आयोग किंवा न्यायालय ते हजर करायला सांगू शकते. अडकलेली चप्पल टाकून देऊ नये. ब्रश, कोम्ब आणि फट यांची छायाचित्रे शक्य तर त्याच दिवशी घ्यावीत, कारण अपघातानंतर अनेक आठवडे रखडलेले ते कोटेशन बहुतेक वेळा एका रात्रीत मंजूर होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याला नवे ब्रश लागलेले असतात.